मुलाच्या लसीकरण कार्डाचं इंग्रजी भाषांतर : तारखा जुळेनात, लसीचं नाव बदललं (सोलापूर)

अक्षता_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. नवरा वर्षभरापासून डॅलसजवळ नोकरीला आहे आणि जुलैअखेर मी मुलाला घेऊन तिकडे जातेय. मुलाचा जन्म २६ सप्टेंबर २०१८ चा, ऑगस्टमध्ये पहिलीत प्रवेश. तिथल्या शाळेने लसीकरणाची नोंद इंग्रजीत मागितली आहे. प्रत्येक लसीचं नाव आणि प्रत्येक डोसची दिवस, महिना, वर्षासकट तारीख हवी, असं त्यांच्या मेलमध्ये आहे. बॅच नंबर असेल तर तोही.

आपल्याकडचं ते नेहमीचं माता व बाल संरक्षण कार्ड आहे, आमच्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्राचं. सहा-सात वर्षं घड्या घालून ठेवलेलं. दोन सिस्टरांची अक्षरं आहेत, एक मराठी आकडे लिहिते, दुसरी इंग्रजी. काही तारखा पेनाने, काही पेन्सिलने. मी रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढला, व्हॉट्सॲपवर एका टायपिंग-भाषांतरवाल्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सुबक टेबल करून, शिक्का मारून मिळालं. पैसेही देऊन झाले.

काल रात्री कार्ड शेजारी ठेवून एकेक ओळ पडताळली तर पोटात गोळा आला. गोवर-रुबेलाच्या दोन्ही ओळींत एमएमआर लिहिलंय. पाच वर्षांच्या त्रिगुणी बूस्टरची तारीख कार्डावर १ डिसेंबर आहे, त्यांनी ९ डिसेंबर केलीय. आणि पेंटाच्या तिसऱ्या डोसची तारीख नेमकी घडीवर आलीय, मला स्वतःलाच तो आकडा दिसत नाही, तरी त्यांनी सरळ १८ जानेवारी २०१९ लिहून टाकलंय.

नवरा म्हणतो एवढं कोण बघतंय, आहे तसं दे. मला ते पटत नाही. पोराच्या तब्येतीचा कागद आहे. कुणी हे केलंय का? नेमकं काय दुरुस्त करून घेऊ?

---

सात_रस्ता

ताई, एवढा विचार करू नका. आजकाल यू-विन आहे, कोविडच्या वेळी कोविन होतं तसंच. त्यावरून इंग्रजी सर्टिफिकेट डाउनलोड करा, भाषांतराची गरजच नाही. आणि गोवर-रुबेला म्हणजे तेच ते, तिकडे त्यालाच एमएमआर म्हणतात. शाळेला एमएमआर हा शब्द दिसला पाहिजे, त्यामुळे तुमच्या माणसाने बरोबर केलंय. वर नोटरी करून घ्या, विषय संपला.

---

निवृत्त_सिस्टर

मी चौतीस वर्षं आरोग्य सेविका होते, शेवटची बारा वर्षं सोलापूर शहरात. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

गोवर-रुबेला म्हणजे एमएमआर नव्हे. एमआरमध्ये दोन आजार आहेत, गोवर आणि रुबेला. एमएमआरमध्ये तिसरा आहे, गालगुंड. सरकारी वेळापत्रकात गालगुंडाची लस नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात एमआरची मोठी मोहीम झाली, शाळाशाळांत, ती पुष्कळांना आठवत असेल. नियमित लसीकरणातही तेव्हापासून नऊ महिन्यांना आणि सोळा ते चोवीस महिन्यांत एमआरच देतो. कागदावर एक एम वाढवला की ज्या आजाराची लस पोराला कधी टोचलीच नाही, ती टोचली असं लिहिलं जातं. शाळेत गालगुंडाची साथ आली तर हे पोर सुरक्षित आहे असं समजून त्याला वर्गात बसवतील. अक्षता, ही ओळ बदलल्याशिवाय कागद पाठवू नकोस.

यू-विन चांगलं आहे, पण ते २०२३ मध्ये आधी काही मोजक्या जिल्ह्यांत सुरू झालं. २०१८ च्या बाळाचे जुने डोस त्यात आपोआप आलेले नसतात. कुणी बसून भरले असतील तरच दिसतील.

आता तारखा. कार्डाच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात लसीकरणाचा वार लिहिलेला किंवा शिक्का असतो. तो बघून सांग. आणि पेन्सिलच्या तारखा कुठे आहेत तेही सांग.

---

अक्षता_जुळेसोलापूर

सिस्टर, मनापासून आभार. शिक्का आहे, "दर शुक्रवारी". पेन्सिलची तारीख एमआरच्या दुसऱ्या डोसच्या चौकटीत आहे, २६/१/२०. त्याच चौकटीत खाली निळ्या पेनाने ७/२/२०. भाषांतरात त्यांनी २६ जानेवारी घेतलीय. मला वाटलं वरची तारीख म्हणजेच खरी.

---

निवृत्त_सिस्टर

पेन्सिलची तारीख आम्ही आईला सांगायला लिहितो, "बाई, पुढच्या वेळी ह्या तारखेनंतर या." २६ सप्टेंबर २०१८ च्या बाळाला सोळा महिने पूर्ण होतात २६ जानेवारी २०२० ला. म्हणजे ती डोस देय होण्याची तारीख. शिवाय कॅलेंडर काढून बघ, तो दिवस रविवार होता, वर प्रजासत्ताक दिन. त्या दिवशी केंद्रात लस टोचली जाणं शक्य नाही. ७ फेब्रुवारी २०२० शुक्रवार आहे. लस टोचल्यावर पेनाने लिहितात. तीच खरी.

तसंच पाच वर्षांच्या बूस्टरचं. १ डिसेंबर २०२३ शुक्रवार, ९ डिसेंबर शनिवार. आपला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो, म्हणून मराठी आकडे न वाचणारा माणूस हमखास फसतो. टाइप करणाऱ्याला मराठी येत असलं तरी आधीच्या ओळीतले आकडे इंग्रजी असले की डोळा त्याच सवयीने पुढे जातो. प्रत्येक एक आणि नऊ बोट ठेवून तपास.

पण वार जुळला म्हणजे तारीख सिद्ध झाली असं नाही. चुकलेली तारीख पकडायला वार उपयोगी. दोन्ही तारखा शुक्रवारच्या निघाल्या तर वार काही सांगू शकत नाही.

---

अक्षता_जुळेसोलापूर

आणि तेच झालंय. पेंटा ३ घडीवर आहे. "१", मग फाटल्यासारखी पांढरी रेघ, मग "/१/१९". ११ असेल किंवा १८. दोन्ही शुक्रवार! आधीचे डोस स्पष्ट आहेत, पेंटा १ आहे १६/११/१८ (सहा आठवडे ७ नोव्हेंबरला होत होते, तेव्हा लक्ष्मीपूजन होतं, म्हणून आठवडाभर उशिरा गेलो होतो) आणि पेंटा २ आहे १४/१२/१८.

सासूबाई ठाम सांगतात की संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आधी लस दिली होती, कारण अक्षता सोहळ्याला बाळाला न्यायचं होतं आणि त्याला ताप होता म्हणून नेलं नाही. म्हणजे ११ तारीख. मग ११ लिहू का?

---

पंढरपूर_रोड

परदेशी जायचं तर पिवळं पुस्तक लागतं. माझा भाऊ केनियाला गेला तेव्हा त्याने मुंबईला जाऊन यलो फीव्हरची लस घेतली, त्यांनी आंतरराष्ट्रीय पुस्तिकेवर शिक्का मारून दिला. त्या पुस्तिकेत सगळ्या लसी चढवून घ्या, भाषांतर कशाला?

---

मजकूर_तपासनीस

@पंढरपूर_रोड, ते पुस्तक यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या प्रवासासाठी. इथे शाळाप्रवेशाची बालपणीची नोंद हवी आहे, विषय वेगळा.

मी मराठी-हिंदी-इंग्रजी भाषांतराचं काम करतो, त्यात वैद्यकीय कागद बरेच येतात. अक्षताताई, ११ लिहू नका. १८ पण लिहू नका. सासूबाईंची आठवण अगदी खरी असेल, पण भाषांतर कार्डाचं आहे, आठवणीचं नाही. भाषांतरकाराने सही करून एवढंच म्हणायचं असतं की मूळ कागदावर जे आहे ते मी पूर्ण आणि बरोबर दुसऱ्या भाषेत आणलं. मूळ कागदावर आकडा दिसत नसेल तर "दुसरा आकडा वाचता येत नाही" हेच बरोबर भाषांतर आहे. तुमच्या आधीच्या माणसाने १८ लिहिलं ती वाचनातली चूक म्हणता येणार नाही, त्याने न दिसणारी गोष्ट लिहिली.

फोटोबद्दल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो आणि बारीक अक्षराच्या कडा पुसल्या जातात. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जाते. फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून. घडीसाठी एक युक्ती आहे. कार्ड सपाट ठेवून उजेड एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून घ्या, दोन वेगळे फोटो. घडीत शाई गेली असली तरी पेनाचा दाब कधीकधी कागदावर उरतो आणि तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. आठाचा वळसा असेल तर दिसू शकतो. कार्ड लॅमिनेट केलेलं नाही ना? नसेल तर आता मुळीच करू नका.

---

अक्षता_जुळेसोलापूर

लॅमिनेट नाही. आज सकाळी गॅलरीत तिरप्या उन्हात फोटो काढले. घडीच्या डावीकडे एक छोटासा खड्डा दिसतोय, पण तो एकाच्या शेंडीचा की आठाच्या टोकाचा हे मला, बहिणीला आणि शेजारच्या काकांना तिघांना तीन वेगळं वाटतं. त्यामुळे "वाचता येत नाही" हेच खरं.

---

टेक्सासमधली_सोलापुरी

मी पूर्व भागातली, माहेर अशोक चौकाजवळ. इथे एका लहान मुलांच्या दवाखान्यात बाहेरून आलेल्या मुलांच्या नोंदी संगणकात भरायचं काम करते, त्यामुळे हे कागद रोज हातात येतात. नवऱ्याला सांगा की इथे बघतात. प्रत्येक तारीख संगणकात जाते आणि मुलाचं त्या दिवशीचं वय आपोआप तपासलं जातं.

पहिली गोष्ट तारखेची पद्धत. इथे महिना आधी लिहितात. तुमचा एमआरचा दुसरा डोस ७/२/२० असाच गेला तर इथे तो २ जुलै २०२० वाचला जाईल. आणि वाईट म्हणजे कुणालाही संशय येणार नाही, कारण एकवीस महिन्यांच्या बाळाला तो डोस देणंही अगदी शक्य आहे. महिना अक्षरातच हवा.

दुसरी गोष्ट पोलिओची, आणि याबद्दल अजून कुणी विचारलं नाही. तुमच्या भाषांतरात पोलिओच्या ओळी कशा आहेत? तोंडातले थेंब आणि इंजेक्शन वेगळं दाखवलंय का?

---

अक्षता_जुळेसोलापूर

नाही! सगळीकडे नुसतं "पोलिओ" आहे. पोलिओ ०, १, २, ३, बूस्टर, आणि मग परत पोलिओ १, २. मला वाटलं चुकून दोनदा टाइप झालं. कार्डावर मात्र "पोलिओ (तोंडावाटे)" आणि "एफ-आयपीव्ही" अशा वेगळ्या ओळी आहेत.

---

टेक्सासमधली_सोलापुरी

हे फार महत्त्वाचं आहे, जरा सविस्तर लिहिते.

थेंबांची लस पूर्वी पोलिओच्या तिन्ही प्रकारांवर होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये जगभर ती बदलून दोन प्रकारांची केली, भारतात २५ एप्रिल २०१६ ला. त्यामुळे अमेरिकेत नियम असा आहे की १ एप्रिल २०१६ पासून पुढे बाहेर दिलेले थेंब, तिन्ही प्रकारांचे असल्याची स्पष्ट नोंद नसेल तर, मोजले जात नाहीत. तुमचा मुलगा २०१८ चा. त्याचे थेंबांचे सगळे डोस खरे आहेत, पण इथल्या हिशोबात धरले जाणार नाहीत. इंजेक्शनच्या ओळी डॉक्टर वेगळ्या तपासतील.

नुसतं "पोलिओ" लिहिलं की दोनपैकी एक होतं. एक तर भरणारा सगळे डोस इंजेक्शनचे धरतो आणि मुलाला लागणारे डोस राहून जातात. नाही तर एकही धरत नाही. दोन्ही चूक. आणि एफ-आयपीव्ही मधला "एफ" गाळू नका. तो डोस इथल्या नेहमीच्या डोसपेक्षा कमी मात्रेचा असतो. तो कसा धरायचा हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील, पण ते ठरवायला "एफ" कागदावर दिसायला हवा.

---

निवृत्त_सिस्टर

बरोबर आहे बाई. एफ-आयपीव्ही म्हणजे ०.१ मिलि, दंडाच्या त्वचेत. २०१८ च्या बाळांना सहा आणि चौदा आठवड्यांना दिलेलं असणार. नऊ महिन्यांचा तिसरा डोस २०२३ पासून आला, त्यामुळे याच्या कार्डावर तो नसेल आणि ती काही चूक नाही. भाषांतर करणाऱ्याने ती रिकामी जागा भरायला जाऊ नये.

मराठी नावांचंही सांगते. त्रिगुणी म्हणजे डीपीटी. द्विगुणी असेल तर त्यात डांग्या खोकला नाही, तिथे डीपीटी लिहायचं नाही. "कावीळ" एवढंच लिहिलं असेल आणि जन्माच्या ओळीत असेल तर ती कावीळ ब. जीवनसत्त्व अ चे चमचे लसींच्या तक्त्यात असतात पण ती लस नाही, तसंच लिहायचं आणि पुढे जायचं.

---

म्युनिकची_मेघना

आमचं दोन वर्षांपूर्वी झालं. जर्मनीत २०२० च्या मार्चपासून गोवरचा कायदा आहे, शाळेत जायचं तर दोन वर्षांपुढच्या मुलाला गोवरचे दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. आमच्या कार्डावरही एमआरच होतं. मी पण आधी घाबरून एमएमआर लिहून घ्यायला निघाले होते. शेवटी "गोवर-रुबेला" असंच ठेवलं आणि गोवरसाठी ते चाललं, काही अडलं नाही. आमच्या शाळेने इंग्रजी भाषांतर घेतलं, पण त्याच शहरात मैत्रिणीच्या शाळेने शपथबद्ध जर्मन भाषांतरकाराचंच हवं म्हणून परत पाठवलं.

म्हणजे जर्मनीत चाललं ते अमेरिकेतही चालेल ना? दोन एमआर आहेतच की.

---

टेक्सासमधली_सोलापुरी

तसंच्या तसं नाही, मेघना. इथे गोवरचा डोस पहिल्या वाढदिवसानंतरचा धरतात, फार तर चार दिवस आधीचा. अक्षताच्या मुलाचा पहिला एमआर कधीचा आहे?

---

अक्षता_जुळेसोलापूर

५/७/१९. म्हणजे ५ जुलै, बरोबर? नऊ महिने नऊ दिवसांचा होता. ७ मे असती तर साडेसात महिन्यांचाही नसता, तेव्हा देतच नाहीत. आणि ५ जुलै शुक्रवार आहे, बघितलं मी.

---

टेक्सासमधली_सोलापुरी

बरोबर वाचलंत. तर तो नऊ महिन्यांचा डोस इथे धरणार नाहीत. ७ फेब्रुवारी २०२० चा धरतील, गोवर आणि रुबेलासाठी एक. गालगुंड शून्य. म्हणजे एमएमआर लागणारच. आता बघा, भाषांतरात दोन एमएमआर लिहिलेलं तसंच आलं असतं तर काय झालं असतं. पहिला वयामुळे गळाला असता, दुसरा "एमएमआर" म्हणून धरला गेला असता, आणि गालगुंडाचा एक डोस न घेताच जमा झाला असता.

निघायला वेळ असेल तर सोलापुरातच बालरोगतज्ज्ञांकडे विचारा. एमएमआरच्या दोन डोसांत किमान २८ दिवस लागतात. कांजिण्यांची लसही इथे मागतात, ती आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही. या दोन्ही जिवंत लसी आहेत, एकाच दिवशी घ्यायच्या, नाही तर मध्ये २८ दिवस सोडायचे. जुलैअखेर निघायचं तर दिवस मोजून ठरवा. इथे येऊनही घेता येतात, तेही चालतं.

---

सात_रस्ता

एमएमआरबद्दल माझं चुकलं, मान्य. पण बॅच नंबरचं काय? शाळेने मागितलाय. सरकारी कार्डावर तो नसतोच. माझ्या ओळखीच्या एकाने केंद्रातून त्या महिन्याचा बॅच नंबर विचारून सगळीकडे भरला होता, त्याचं काम झालं. तो नसेल तर कागद परत करतात असं ऐकलंय.

---

निवृत्त_सिस्टर

तसं करू नये. केंद्राच्या साठा नोंदवहीत बॅच असतो हे खरं. पण एका शुक्रवारी दोन बॅचच्या कुप्या निघू शकतात, आणि एका कुपीतून अनेक बाळांना डोस जातो. कुठल्या बाळाला कुठली कुपी हे त्या वहीतून निघत नाही. मग जो नंबर लिहिला जातो तो अंदाज. उद्या एखाद्या बॅचची चौकशी लागली तर हा खोटा नंबर त्या पोराच्या नावावर राहील.

---

टेक्सासमधली_सोलापुरी

आमच्याकडे लसीचं नाव आणि पूर्ण तारीख नसेल तर ओळ अडते. बॅच नाही म्हणून जुन्या नोंदीची ओळ मी अडलेली पाहिली नाही. "कार्डावर नोंद नाही" हे पुरतं. शाळेला मेल करून विचारून घ्या, कारण प्रत्येक जागी माणसं वेगळी.

---

मजकूर_तपासनीस

मग ओळी अशा करा. वेगळ्या तीन प्रकारच्या तीन देतो. कार्डावर जसं आहे ते शेवटी ठेवायचं, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ फोटोशी ताडून बघता येतं.

```
MR (Measles-Rubella), dose 2 | 07 Feb 2020
  Batch: not recorded on card | As written: ७/२/२०
f-IPV, dose 1 | 16 Nov 2018
  Batch: not recorded on card | As written: १६/११/१८
Pentavalent, dose 3 | 1? Jan 2019, 2nd digit of day illegible
  Batch: not recorded on card | As written: १?/१/१९
```

एमआरच्या ओळीखाली टीप द्या की त्याच चौकटीत पेन्सिलने २६/१/२० लिहिलेलं आहे. ती तारीख गाळायची नाही. गाळली तर मूळ फोटो पाहणारा विचारेल की हे काय. "देय तारीख" असं मात्र लिहू नका, कारण कार्डावर तसं छापलेलं नाही. "पेन्सिलने, वेगळी तारीख" एवढंच. सिस्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण तो अर्थ झाला, मजकूर नव्हे.

कार्डावर बाळाचं नाव काय आहे?

---

अक्षता_जुळेसोलापूर

बाळाचं नाव नाहीच. माझं नाव आणि पुढे "मुलगा". पासपोर्टवर अर्थातच त्याचं पूर्ण नाव. टायपिंगवाल्यांनी पासपोर्टवरचं नाव घातलंय.

---

मजकूर_तपासनीस

ते काढायला लावा. "अमुकचा मुलगा" असंच भाषांतर, आणि जोडीला जन्म दाखला, ज्यावर त्याचं नाव, तुमचं नाव आणि जन्मतारीख तिन्ही आहेत. जन्मतारीख कार्डावर असेलच, ती दोन्ही कागदांना जोडते.

---

अक्कलकोट_बॉर्डर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी विजयपूरला झालं, त्यामुळे मुलीचं पहिल्या साडेतीन महिन्यांचं कार्ड कन्नडमध्ये आहे, ते तायी कार्ड, आणि पुढचं सोलापूरचं मराठीत. तारखांचे आकडे एका सिस्टरने कन्नडमध्ये लिहिलेत. मला बोलता येतं पण वाचता येत नाही. मराठी भाषांतरवाला म्हणतो दोन्ही करून देतो. द्यावं का? आम्हाला दुबईला जायचंय.

---

मजकूर_तपासनीस

तो कन्नड वाचतो का हे आधी विचारा. वाचत नसेल तर त्या भागावर त्याची सही नको. दोन कार्डांची दोन भाषांतरं, दोन माणसांच्या सह्या, असं चालतं. दोन्ही कार्डांवर एखादा डोस दोनदा चढला असेल, म्हणजे सोलापूरच्या सिस्टरने जुन्या कार्डावरून तारीख उतरवून घेतली असेल, तर दोन्हीकडे जसं आहे तसंच ठेवा. दोन तारखा वेगळ्या निघाल्या तर मला कळवा, त्यावर मी आत्ता काही सांगू शकत नाही.

---

अक्षता_जुळेसोलापूर

आज दोन कामं केली, ती इथे लिहून ठेवते.

एक. कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या सिस्टर नवीन आहेत, पण २०१९ ची नोंदवही शोधू म्हणाल्या. जुन्या वह्या दुसऱ्या खोलीत बांधून ठेवल्यात, सोमवारी बोलावलंय. नोंद सापडली तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने उतारा देतील. मग पेंटा ३ ची ओळ कार्डाच्या भाषांतरात "वाचता येत नाही" अशीच राहील आणि उतारा वेगळा जोडायचा, असं मी समजले. बरोबर ना?

दोन. बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन एमएमआरचा डोस दिला. त्यांनी नवीन पुस्तिकेत स्टिकर लावलं. दोन स्टिकर आहेत आणि दोन्हींवर वेगवेगळे बॅच नंबर! कुठला लिहायचा?

---

निवृत्त_सिस्टर

बरोबर समजलीस. उतारा वेगळाच जोड.

स्टिकरचं असं की एमएमआर कोरडी भुकटी असते, टोचण्याआधी द्रावणात मिसळतात. एक स्टिकर लसीच्या कुपीचं, दुसरं द्रावणाचं. ज्यावर लसीचं नाव आहे त्याचा बॅच लसीचा. द्रावणाचाही लिहायचा असेल तर "द्रावण" असं सांगून वेगळा लिही, अदलाबदल होऊ देऊ नकोस. आणि स्टिकरवर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असते, त्यातली एकही टोचल्याची तारीख नाही. टोचल्याची तारीख डॉक्टरांनी शेजारी हाताने लिहिली आहे का ते आजच बघ. नसेल तर पुस्तिका घेऊन परत जा.

---

मजकूर_तपासनीस

आणि बॅच नंबर टाइप करताना इंग्रजी ओ की शून्य, एस की पाच, बी की आठ, हे डोळ्यांनी ठरत नसेल तर दवाखान्यात खोक्यावरून पडताळून घ्या. अजून ताजं आहे, खोकं सापडेल. सहा वर्षांनी नाही सापडणार.

---

अक्षता_जुळेसोलापूर

तारीख लिहिलेली नव्हती! आत्ताच जाऊन लिहून आणली, सही-शिक्क्यासकट, महिना अक्षरात. खोकंही बघितलं. चौथं अक्षर मी ओ वाचत होते, तो शून्य निघाला.

टायपिंगवाल्यांना सगळ्या दुरुस्त्या लिहून दिल्यात. त्यांनी कुरकुर न करता नवीन कागद करायचं मान्य केलं, आणि पेन्सिलची तारीख आपण कधी वेगळी बघितलीच नव्हती असं म्हणाले. नोंदवहीचं सोमवारी कळेल.

---

अक्षता_जुळेसोलापूर

सोमवार. वही सापडली. जानेवारी २०१९ ची पानंही आहेत. ११ तारखेच्या पानावर माझं नाव नाही. १८ च्या पानाचा खालचा अर्धा भाग वाळवीने खाल्लाय. सिस्टर म्हणाल्या, "ताई, यावरून मी लिहून देऊ शकत नाही," आणि मला ते पटलं. सासूबाई अजून गड्ड्याच्या आधीच म्हणतात.

ओळ "वाचता येत नाही" अशीच पाठवतेय, मूळ कार्डाचे तिन्ही फोटो जोडून.

---

टेक्सासमधली_सोलापुरी

पाठवा तशीच. पेंटा १ आणि २ च्या तारखा पक्क्या आहेत, १४ डिसेंबरपासून ११ जानेवारीला बरोबर २८ दिवस होतात, म्हणजे दोन्हींपैकी कुठलीही तारीख असली तरी अंतर पुरेसं आहे. हे मी डॉक्टरांना दाखवलं असतं. शाळेची नर्स ते धरेल की तो डोस वगळून पुढचे मोजेल, हे मात्र तिचं उत्तर आल्यावरच कळेल. आलं की इथे लिहा.

---

अक्कलकोट_बॉर्डर

माझ्या दोन्ही कार्डांवर पेंटा २ ची तारीख वेगळी निघाली. सहा दिवसांचा फरक आहे. @मजकूर_तपासनीस, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवते.